रिपोर्टात लेखनिक सुचवलाय, पण घ्यावा का?

मुलाची आई: मुलगा 11 वर्षांचा, सहावीत. वाचन-लेखनाची तपासणी झाली, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा रिपोर्ट आला. शिफारशी: 25 टक्के जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "एवढं दिल्यावर परीक्षा उरली कुठे?" आकडे: शाब्दिक आकलन 116, कामाचा वेग 84, निरर्थक शब्दांचं वाचन 76, शुद्धलेखन 77, आकडेमोड 101. एकूण बुद्ध्यांक 99. तुम्हाला काय वाटतं?

दत्ता मास्तर: 99 म्हणजे मुलगा अगदी सर्वसाधारण. मग अक्षमता कुठली? आयुष्यभर पेपर तपासलेत मी. जादा वेळ कुणालाही द्या, गुण वाढतातच. ज्याच्याकडे रिपोर्ट नाही त्या पोराने काय करायचं?

सुलभा: 76 म्हणजे चांगलेच आहेत की हो, पास व्हायला 35 पुरतात! माझ्या मुलीचंही असंच वाटत होतं, शेवटी चष्म्याचा नंबर निघाला. आधी डोळे तपासा.

रोहिणी: सुलभाताई, ते गुण नाहीत. या मोजपट्टीवर सरासरी 100 असते. 76 म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण पाचजण त्याच्याही मागे, बाकीचे पुढे. पण डोळ्यांचं तुम्ही बरोबर बोललात. नजर आणि कान तपासल्याची नोंद नसेल, तर तो रिपोर्ट अर्धाच समजावा.

मास्तर, 116 आणि 84 यांत 32 चं अंतर आहे. एवढी दरी असताना एकूण बुद्ध्यांक या मुलाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. खांद्यापर्यंत आणि घोट्यापर्यंत पाणी असलेल्या दोन जागांची सरासरी काढून नदी मांडीभर आहे म्हणण्यासारखं आहे ते.

मी अशा तपासण्या करते, म्हणून सांगते. शिफारशींचा गठ्ठा मंजूर की नामंजूर असा वाद घालू नका. प्रत्येक शिफारशीमागे रिपोर्टातला कुठला आकडा उभा आहे ते शोधा. आकडेमोड 101 असताना कॅल्क्युलेटर कशाला? ते वाक्य तयार साच्यातून आलंय असं मला वाटतं, आणि असं एक वाक्य सापडलं की शाळा बाकीच्या खऱ्या शिफारशींवरही शंका घेते. ताई, उतारा वेळ लावून आणि वेळ न लावता, असा दोनदा घेतला होता का? आणि बघून लिहिण्याचा वेग मोजला का?

मुलाची आई: नजर-कान तपासलेत, ठीक आहेत. एका उताऱ्यावर 20 प्रश्न होते. ठरलेल्या वेळेत 11 सोडवले, 10 बरोबर. वेळ वाढवल्यावर 19 सोडवले, 17 बरोबर. बघून लिहिताना मिनिटाला 14 शब्द, त्यापुढे "वयानुरूप" लिहिलंय. मनाने लिहिताना 6.

रोहिणी: जादा वेळेची बाजू इथेच उभी राहते. जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत जवळजवळ सगळं बरोबर होतं, म्हणजे उतारा समजतो, पोचायला उशीर होतो. वेळ वाढवूनही बरोबर उत्तरं 10-11 वरच थांबली असती, तर मीच म्हटलं असतं की वेळ देऊन उपयोग नाही, समजण्यावर काम करा.

लेखनिकाबद्दल मात्र मला शंका आहे. बघून 14 शब्द लिहितो म्हणजे हात चालतो. मनाने लिहिताना प्रत्येक जोडाक्षरापाशी अडतो, म्हणून 6. त्याची अडचण शुद्धलेखनाची आहे, हाताची नाही. मग आधी शुद्धलेखनाचे गुण न कापणं लागू करा. अर्थात शुद्धलेखनाचाच प्रश्न असेल तिथे ती सवलत नको, तिथे मास्तरांचं खरं आहे.

निनाद: मी रोहिणीताईंशी सहमत नाही. मी स्वतः लेखनिक घेऊन परीक्षा दिल्यात. गुण कापणार नाहीत हे माहीत असूनही मी अवघड शब्द टाळून सोपाच लिहायचो. "वातावरण" लिहायचं असलं की "हवा" लिहून मोकळा. तोंडी सांगायला लागल्यावर डोक्यातलं उत्तर पहिल्यांदा कागदावर आलं.

रोहिणी: हा मुद्दा मी धरला नव्हता. खरंय, तसं असेल तर एकाच विषयाचं एक उत्तर त्याला लिहायला सांगा, दुसरं सांगायला लावा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. पण लेखनिक घ्यायचाच तर सराव आधीपासून हवा. "इथे पूर्णविराम, पुढचा मुद्दा नव्या ओळीवर" असं सांगणं हे वेगळंच कौशल्य आहे. पहिल्यांदाच परीक्षेच्या दिवशी बसवलेली मुलं गप्प होतात.

दत्ता मास्तर: 10 वरून 17, हे मान्य. पण माझा प्रश्न तसाच आहे. पेपरच इतका लांब असेल की निम्मा वर्ग पळत सुटतो, तर जादा वेळ सगळ्यांनाच फळणार.

रोहिणी: मग पेपर छोटा करा, मास्तर! वेग मोजायचा नसेल तर तो मोजणारा पेपर काढायचाच कशाला?

दत्ता मास्तर: ते मंडळाला सांगा, मला नका सांगू.

मुलाची आई: कॅल्क्युलेटरबद्दल तपासणाऱ्या बाईंना विचारते. दोन उत्तरांचा प्रयोग रविवारी करते. एक सांगायचं राहिलं, लेखनिक म्हटलं की वेगळी खोली आली, आणि हा म्हणतो, "मी वर्गातच बसणार."