मदत हवी आहे: निरोपाचं भाषण श्रद्धांजलीसारखं होतंय

तिसरा_बाक
परवा कार्यक्रम आहे आणि भाषण काही केल्या जमत नाहीये. आमच्या बाई निवृत्त होतायत, स्टाफतर्फे मी बोलायचं ठरलंय. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवलं, तर त्याने मध्येच थांबवून विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?" तेव्हापासून हातच चालेना. कुणाकडे चांगला नमुना असेल तर कृपया टाका. मोठा असला तरी चालेल.

शब्दवेल
सुरुवात चारोळीने करा, सभागृह लगेच तुमच्या ताब्यात येतं. दिवा, वात आणि उजेड या कल्पनेवर माझ्या दहा-बारा चारोळ्या तयार आहेत, पाठवतो. दर दोन परिच्छेदांनंतर एक घातली की भाषण कंटाळवाणं होत नाही.

जुना_खडू
नमुन्याने काम होणार नाही, ताई. आधी एवढं सांगा. वेळ किती दिलाय? तुमच्या आधी कोण बोलणार? समोर विद्यार्थी आहेत की फक्त स्टाफ? बाईंचा विषय कोणता, तुमचा कोणता, आणि किती वर्षांची सोबत? फाडलेल्यातला एखादा परिच्छेद आठवत असेल तर तोही टाका.

साधा_माणूस
ताई, निवृत्तीबद्दल अभिनंदन! सत्काराला उत्तर देताना घरच्यांचे आभार विसरू नका. माझ्या वेळी मी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली आणि बायकोचंच राहिलं. अजून ऐकतोय. नावांची यादी खिशात ठेवा.

तिसरा_बाक
काका, मी नाही निवृत्त होत, बाई होतायत. मी त्यांच्यावर बोलणार आहे.

जुना_खडू सर, वेळ पाच मिनिटं. आधी मुख्याध्यापक बोलतील, ते बाईंचा परिचय करून देणार. समोर वरच्या वर्गांतली मुलं, सगळा स्टाफ, पहिल्या रांगेत बाईंच्या घरचे. आम्ही दोघी गणिताच्या. २२ वर्षं स्टाफरूममध्ये शेजारी बसतोय. आत्ता हातात आहे तो मजकूर साधारण १४०० शब्दांचा आहे. त्यातला एक भाग:

"बाई अत्यंत प्रेमळ, शिस्तप्रिय आणि कष्टाळू होत्या. त्या नेहमी वेळेवर यायच्या. विद्यार्थ्यांवर त्यांनी पोटच्या मुलांसारखं प्रेम केलं. त्यांच्या जाण्याने शाळेत निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

जुना_खडू
तुमच्या यजमानांनी बरोबर ओळखलं. "होत्या", "यायच्या", "जाण्याने", "पोकळी" हे चार शब्द एकत्र आले की कुणालाही शोकसभाच आठवणार. बाई समोरच्या खुर्चीत बसलेल्या असतील आणि तुम्ही त्यांच्याबद्दल त्या नसल्यासारखं बोलाल.

घडून गेलेली गोष्ट भूतकाळात सांगा, स्वभाव आणि सवय वर्तमानात. "बाईंनी इतकी वर्षं शिकवलं" हे बरोबर, कारण ते काम संपलं. "बाई प्रेमळ होत्या" हे चूक, कारण त्या उद्याही तशाच असणार. एवढा बदल करून परिच्छेद पुन्हा वाचून बघा, निम्मा जडपणा तिथेच जाईल.

आता लांबीबद्दल. मंचावरून थांबत, श्वास घेत बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. तुमचे १४०० म्हणजे जवळजवळ तेरा मिनिटं. तुमच्या हातात ५०० शब्द आहेत, त्यात टाळ्यांचाही वेळ आला. नोकरीची सुरुवात, पदं, शिक्षण हे सगळं मुख्याध्यापक सांगणार, तुम्ही त्यातलं एकही वाक्य घेऊ नका.

राहिली विशेषणं. प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू हे तुम्ही कुठल्याही बाईंबद्दल म्हणू शकता. २२ वर्षं शेजारी बसून जे फक्त तुम्ही पाहिलंय, असं काय आहे?

शब्दवेल
निवृत्तीच्या दिवशी सेवाकाळ संपतोच ना? मग भूतकाळ आपसूक येणार. आणि विशेषणांशिवाय गौरव कसा करायचा? लोक ते ऐकायलाच आलेले असतात.

जुना_खडू
सेवाकाळ संपतो, माणूस नाही. फरक तेवढाच आहे. सूत्रसंचालक म्हणून असे बरेच कार्यक्रम केलेत. विशेषणांच्या यादीला टाळ्या मिळतात हे खरं, पण कार्यक्रमानंतर त्यातलं एकही कुणाला सांगता येत नाही.

तिसरा_बाक
एक आहे. भाषणात शोभेल का माहीत नाही, पेपर तपासण्याची गोष्ट आहे.

नोकरीचं दुसरं वर्ष, सहामाहीचे गठ्ठे. एका मुलाला मी समीकरणाच्या उदाहरणाला तीनपैकी शून्य दिलं. उदाहरण होतं `7 − 2(x − 3) = 5`. कंस सोडवताना त्याने +6 च्या जागी −6 लिहिलं, त्यामुळे उत्तर 4 ऐवजी −2 आलं. बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पेपर ओढून घेतला, कानामागची पेन्सिल काढली आणि फक्त त्या −6 भोवती गोल केला. म्हणाल्या, "चूक इथे सुरू झाली. आता पुढचं बघ. पुढे त्याने एकही चूक केलेली नाही." मी पाहिलं, खरंच नव्हती. चुकलेल्या ओळीवरून पुढची प्रत्येक पायरी अचूक होती. मग म्हणाल्या, "शून्य दिलंस म्हणजे याला काहीच येत नाही असं लिहिलंस. याला एक चिन्ह येत नाही."

तेव्हापासून मीही आधी पेन्सिल घेते, लाल पेन नंतर. बाई आजही तसंच तपासतात. बेरीज दोनदा करतात, एकदा पहिल्या पानापासून, एकदा शेवटच्या पानापासून.

जुना_खडू
भाषण सापडलं. हेच सांगा, बाकी सगळं फाडलं तरी हरकत नाही.

फक्त दोन गोष्टी. समीकरण मंचावर वाचू नका. ऐकताना कंस दिसत नाही, घरची मंडळी पहिल्याच ओळीत सुटतील. "कंस सोडवताना एक चिन्ह चुकलं" एवढं पुरे. आणि त्या मुलाचं नाव, वर्ष, तुकडी काही नको. त्याच्या ओळखीचं कुणीतरी समोर असतंच.

गणक
गोष्ट छान आहे, पण कागद घेऊन जाऊ नका. वाचलं की जीव जातो. २२ वर्षांची मैत्रीण आहे, मनातून येईल तसं बोला. मी आजवर कधी एक ओळ लिहून नेली नाही.

जुना_खडू
आणि किती मिनिटं बोललात?

गणक
घड्याळ कोण बघतं? लोक ऐकत होते.

जुना_खडू
जवळच्या माणसाबद्दल बोलताना गळा कधी दाटेल ते सांगता येत नाही. तेव्हा पुढचं वाक्य कागदावर नसेल तर माणूस जे सुचेल ते बोलतो, आणि सुचतं ते "पोकळी"च. कागद असू द्यावा. अक्षर मोठं, एका ओळीत एका श्वासाचा मजकूर, कागदाची एकच बाजू वापरायची. पानाचा खालचा भाग कोरा सोडला की मान फार खाली जात नाही. टाचणी नको, पान उलटताना माइकमध्ये आवाज जातो. पानांवर आकडे टाका.

गणक
गोष्ट सांगताना तरी कागद बाजूला ठेवू द्या त्यांना. स्वतः जगलेली गोष्ट कुणी वाचून दाखवतं का?

जुना_खडू
हे मान्य. गोष्ट तोंडाने सांगा, पहिली आणि शेवटची दोन वाक्यं मात्र लिहिलेलीच असू द्या.

नीरजा_एक
मी स्टाफपैकी नाही, पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी आहे. माझी आई शिक्षिका होती, तिच्या निरोपाला सहा जण बोलले. पाच जणांनी वक्तशीरपणा सांगितला, तो आम्हाला घरी रोजच दिसायचा. सहाव्या बाई म्हणाल्या की मुलं परीक्षेला बसली की आई व्हरांड्यात चप्पल काढून फिरायची, आवाज होऊ नये म्हणून. आम्हाला हे कधीच माहीत नव्हतं. आईचं शाळेतलं रूप आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पेन्सिलीची गोष्ट नक्की सांगा, बाईंच्या घरच्यांसाठी ती नवीनच असणार.

आणि एक विनंती. "आता आराम करा, घरच्यांना वेळ द्या" असं म्हणू नका. आईला ते फार लागलं होतं. तिला आराम नको होता, आणि आम्हाला तिने वेळ दिलाच होता.

शब्दवेल
चपलेचं वाचून गप्प झालो. माझ्या चारोळ्या राहू द्या. फार तर शेवटी एक.

तिसरा_बाक
नीरजा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. "आराम करा" हे वाक्य माझ्या मजकुरात दोनदा होतं, दोन्ही काढलं.

आता एक सांगायचं राहिलं, ते मुद्दामच टाळत होते. मध्ये एका वर्षी वेळापत्रकावरून आमचं बिनसलं. वरचा वर्ग मला मिळाला, बाईंना वाटलं मी मागून घेतला. जवळजवळ सात महिने आम्ही शेजारी बसून बोललो नाही. पण त्या सात महिन्यांतही माझ्या गठ्ठ्यातली बेरीज चुकलेली असली की त्या पेपरावर पेन्सिलीने बारीक खूण सापडायची. एकदाही बोलल्या नाहीत, पण खूण करायच्या. हे सांगावं का?

जुना_खडू
नको. भांडणाचं नाव निघालं की स्टाफमधले चेहरे एकमेकांकडे वळतात आणि मुलांना नसता विषय मिळतो. त्यांच्या घरच्यांनाही ते नव्याने समजेल. हे पत्रात लिहून बाईंना वेगळं द्या.

नीरजा_एक
मला उलट वाटतं. भांडून पुन्हा शेजारी बसलेली माणसंच खरी वाटतात, आणि ती खूण तर गोलाहून मोठी गोष्ट आहे. कारण न सांगता नुसतं "मध्ये काही महिने आमचा अबोला होता" म्हटलं तर काय बिघडेल?

गणक
सांगा, बिनधास्त सांगा.

जुना_खडू
बिनधास्त नाही. अबोला दोघींचा आहे, तो एकटीने मंचावर उघडायचा नसतो. सांगायचाच असेल तर आधी बाईंना विचारा. त्या क्षणभर जरी थांबल्या तरी वगळा.

तिसरा_बाक
उद्या ऑफ तासाला विचारते. सुरुवात आत्ता लिहिली, बघा:

"बाईंच्या कानामागे एक पेन्सिल असते. आत्ताही आहे. सर्वांनी पाहिली असेल, पण ती कशासाठी आहे ते मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं."

नीरजा_एक
"आत्ताही आहे"वर सगळी मान वळवून बाईंकडे बघतील.

जुना_खडू
तिथे थांबा. तीन सेकंद काही बोलू नका, त्यांना बघू द्या. आणि पेन्सिल त्या दिवशी खरंच असेल ना, याची खात्री करून घ्या.

साधा_माणूस
ताई, मी आधी चुकीचं वाचलं होतं, माफ करा. पण माइक उंचीला बरोबर आहे का ते आधी जाऊन बघा. उंच माणसाच्या मागून बोलायला गेलं की आवाज वरून निघून जातो.

तिसरा_बाक
मुख्याध्यापक उंच आहेत, काका. बघते. आत्ता घड्याळ लावून वाचलं, अबोल्याचा भाग धरून सहा मिनिटं दहा सेकंद.

जुना_खडू
"सन्माननीय व्यासपीठ" वगैरेला किती गेली?

तिसरा_बाक
पन्नास सेकंद.

जुना_खडू
ती काढा. मुख्याध्यापकांनी सगळ्यांची नावं घेतलेली असतील. सरळ पेन्सिलीपासून सुरू करा. आणि शेवट अजून टाकला नाहीत.

तिसरा_बाक
शेवट बाईंकडे वळून बोलायचाय, "तुम्ही" म्हणून. पहिला शब्द "बाई" एवढाच लिहून झालाय. त्यापुढे अजून काही नाही.