अनुभव धागा : एकच पाया, दोन समांतर रेषा आणि सरकणारा शिरोबिंदू

एका पायावर, त्याच दोन समांतर रेषांमध्ये कितीही त्रिकोण काढा, क्षेत्रफळ तेवढंच. नववीत हे पाठ केलं आणि विसरलो. मग गावाकडचा बांध सरळ करायची वेळ आली. तुमच्याही आयुष्यात हे कुठे आडवं आलं असेल तर लिहा.

आमचा आणि चुलत्यांचा बांध मधेच कोपरासारखा वाकलेला. वरचं टोक प, खालचं र, कोपरा क. क त्यांच्या बाजूला घुसलेला, म्हणून ट्रॅक्टर वळवताना दोघांचीही पंचाईत. प ते र सुतळी ताणली : १२० फूट. सुतळीपासून क चं अंतर २२ फूट. म्हणजे नुसता प-र बांध घातला तर आमचं १३२० चौरस फूट, सव्वा गुंठ्याच्या आसपास, जाणार. म्हणून क मधून प-र ला समांतर दोरी धरली. ती खालच्या गाडीवाटेला जिथे मिळाली तिथे स ची खुंटी ठोकली. प-स हा नवा बांध. गेलेला त्रिकोण प-क-र, मिळालेला प-स-र. पाया एक, समांतर त्याच.

माळरान : दादा, आम्ही हेच केलं आणि फसलो. गवंड्याने दोरी न धरता वाटेवरूनच २२ फूट मोजून खुंटी ठोकली. वाट सुतळीला तीस अंशात तिरकी होती. तिच्यावरून ४४ फूट जायला हवं होतं. २२ वर थांबल्याने उंची ११ च राहिली आणि ६६० चौरस फूट गेले. भावाने पेरणीच्या वेळी पावलं मोजली तेव्हा कळलं. गुण्या लावून दोन ठिकाणी सारखं अंतर घ्या, मगच दोरी.

सुईदोरा : माझा प्रश्न वेगळा. क्षेत्रफळ सारखं तर कुंपणाची तारही तेवढीच लागेल ना? मी तिरकी कळी कापते तेव्हा कापड तेवढंच लागतं, पण काठाची लेस दरवेळी कमी पडते.

धागाकर्ता : ताई, उत्तर तुमच्या लेसमध्येच आहे. शिरोबिंदू जितका बाजूला सरकेल तितक्या तिरक्या बाजू मिळून लांब होतात. परिमिती सर्वांत कमी कधी? तो पायाच्या बरोबर मध्यावर असताना.

पारावरचा : मला मुळात पटत नाही. शिरोबिंदू शंभर फूट लांब नेला तर त्रिकोण सुतासारखा बारीक होतो. बारीक झालं की कमी होणारच. पुस्तकातलं गणित पुस्तकात.

खडूफळा : काका, माझ्या शिकवणीतला एक मुलगाही असाच अडला. त्याला आलेखकागदावर १० सेंमी पाया आणि ६ सेंमी उंचीचे तीन त्रिकोण काढायला लावले, एक अगदी कलंडलेला. मग अर्ध्या उंचीवर आडवी रेघ. तिन्हींच्या आत ती ५ सेंमीच. वरून एक तृतीयांशावर घेतली तर तिन्हींत ३.३ च्या आसपास. बारीक दिसतो कारण आपण त्याची जाडी तिरकी पाहतो. आडवी मोजली तर तेवढीच. वह्यांची चवड कलंडवली म्हणून पानं कमी होतात का?

पारावरचा : चवडीच्या कडेला पायऱ्या पडतात बाई. त्रिकोणाची कड गुळगुळीत असते.

खडूफळा : हा आक्षेप खरा आहे. युक्लिडने म्हणूनच चवड घेतली नाही. त्याने समांतरभुज चौकोन एका बाजूने कापून दुसऱ्या बाजूला जोडले, आणि त्रिकोण त्यांचा निम्मा. मुलांना मात्र चवडच लक्षात राहते.

धूमकेतू : मला हे भेटलं थेट न्यूटनच्या १६८७ च्या प्रिन्सिपियात. ग्रहावर ओढ नसती तर तो सरळ रेषेत समान वेळात समान पावलं टाकता. लागोपाठची दोन पावलं म्हणजे समान पाये, आणि सूर्य दोन्ही त्रिकोणांचं शिखर. म्हणून क्षेत्रफळं समान. आता मधल्या बिंदूवर सूर्याकडे एक झटका द्या. दुसऱ्या पावलाचं टोक सरकतं, पण तो मधला बिंदू सूर्याला जोडणाऱ्या रेषेला समांतर. तीच रेषा पाया, म्हणजे क्षेत्रफळ ढळत नाही. ओढ किती जोराची, हे विचारावंच लागत नाही. ती सूर्याच्याच दिशेने असली की झालं. ग्रह-सूर्य रेषा समान वेळात समान क्षेत्रफळ ओलांडते, हा केप्लरचा नियम तुमच्या बांधाच्याच युक्तीने निघाला! रात्री दोन वाजता हे कळलं आणि मी बायकोला उठवून सांगितलं. ती अजून बोलून दाखवते.

माळरान : ग्रहांचं राहू द्या. आमच्या ओढ्याकडच्या बांधाला चार कोपरे आहेत. काय करायचं?

धागाकर्ता : एका टोकाकडून एकेक कोपरा काढा. प्रत्येक वेळी शेजारच्या दोन बिंदूंना सुतळी, कोपऱ्यातून समांतर. मात्र दर वेळी मोजणीची थोडी चूक साठत जाते. आणि नकाशावरची हद्द याने बदलत नाही. आमच्याही अजून जुनीच आहे.

माळरान : आणि मिळालेला तुकडा मुरमाड निघाला तर?

धागाकर्ता : आमचा तसाच निघालाय. चुलत्यांशी बोलणं चालू आहे.