स्वतःच्या नावाचं सिरम की कंपनीचा माल? दुकान नं. ३ साठी ग्रुपवर झालेली चर्चा

मृणाल, दुकान नं. ३: नमस्कार मंडळी. पार्लरचा प्रश्न आहे, ॲडमिन काकांना विचारूनच टाकतेय. फेशियलनंतर क्लायंट "घरी काय लावू?" विचारतात, तेव्हा मी कंपनीचं नायसिनामाइड सिरम देते. एमआरपी ६५०, डीलर ३० टक्के मार्जिन देतो, महिन्याला साधारण १५ बाटल्या जातात. आता एका थर्ड पार्टी उत्पादकाचं कोटेशन आलंय. ५ टक्के नायसिनामाइड, ३० मिली, लेबल आणि बॉक्ससकट ११० रुपये नग, जीएसटी वेगळा, कमीत कमी ५०० नग. ४९९ ला विकलं तर बाटलीमागे पावणेचारशे-चारशे सुटतील ना? मग कंपनीचा माल का विकायचा?

ओंकार, ए-७०४: भारी! इन्स्टावर टाक, आठवड्यात संपतील 😄

इक्बालभाई, बी-२०१: ओंकार, आठवड्यात लाइक संपतात, माल नाही. मृणाल, ११० हा कारखान्याच्या दारातला भाव झाला. लेबलचं डिझाइन, ट्रेडमार्क, टेस्टिंग धरलंस का? आणि मुलींना विक्रीवर कमिशन देतेस ना?

मृणाल, दुकान नं. ३: कमिशन १० टक्के देते, जीएसटी वगळून जी किंमत येते तिच्यावर. डिझाइनवाला १२,००० म्हणतोय. लॅबने टेस्टिंगचे २०,००० सांगितलेत. ट्रेडमार्कचं अजून काही बघितलं नाही.

देशपांडे काका, सी-१०२: ट्रेडमार्क क्लास ३ मध्ये येईल. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केलास तर सरकारी फी ४,५००. वकिलाचे वेगळे. नाव ठरवण्याआधी रजिस्ट्रीच्या साइटवर सर्च कर. लेबलं छापून झाल्यावर तेच नाव दुसऱ्याचं निघालं तर सगळा छापील माल रद्दी.

आता हिशेब. ४९९ मध्ये १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की तुझ्या हातात ४२३ उरतात. कमिशनचे ४२ गेले, राहिले ३८१. खर्चाची बाजू: ५०० नगांचे ५५,०००, डिझाइन १२,०००, ट्रेडमार्क ४,५००, टेस्टिंग २०,०००. बेरीज ९१,५००. म्हणजे घातलेले पैसे परत यायलाच २४० बाटल्या विकाव्या लागतात. महिन्याला १५ च्या चालीने १६ महिने.

कंपनीच्या बाटलीत ६५० मधून जीएसटी काढला की ५५१. त्यावर तुझं मार्जिन १६५, कमिशन ५५, उरतात ११०. दिसायला कमी आहेत, पण पहिल्या बाटलीपासून सुटतात.

मृणाल, दुकान नं. ३: काका, पण १६ महिन्यांनंतर उरलेल्या २६० बाटल्यांचे पैसे सगळे माझेच ना?

इक्बालभाई, बी-२०१: विकल्या गेल्या तर. २४ महिन्यांची एक्सपायरी असते, ती कारखान्यात भरल्याच्या दिवसापासून. तुझ्या हातात येईपर्यंत त्यातला एखादा महिना गेलेला असतो. आणि शेवटचे सहा महिने उरलेली बाटली गिऱ्हाईक उलटून बघतं आणि परत ठेवतं. म्हणजे पूर्ण भावाने विकायला तुला सतरा-अठरा महिनेच मिळतात. १५ च्या चालीने फार तर २७० जातील, बाकी २३० "एकावर एक फ्री" मध्ये. डीलरकडून दोन-दोन डझन उचलतेस तेव्हा हे डोकं लावावंच लागत नाही.

देशपांडे काका, सी-१०२: इक्बालभाईंचे १८ महिने धरतो. स्वतःचा माल कंपनीच्या मालापेक्षा फायद्याचा कधी? बाटलीमागे फरक २७१ रुपयांचा. ९१,५०० ला २७१ ने भागलं की ३३८. म्हणजे महिन्याला १९ बाटल्या गेल्या तर बरोबरी, त्यापुढे स्वतःचा माल सरस. महिन्याला २८ गेल्या तर अठरा महिन्यांत पाचशेच्या पाचशे संपतील, ९९,००० सुटतील. कंपनीच्या तेवढ्याच बाटल्यांवर ५५,०००. आणि १५ च गेल्या तर स्वतःच्या मालावर ११,००० च्या आसपास, कंपनीच्या मालावर २९,७००.

मात्र तुझ्या १५ बाटल्या कंपनीच्या नावावर जातात. नवीन नावाच्या सुरुवातीला १५ तरी जातील का, हे तूच सांगू शकतेस.

ॲडमिन: चर्चा चालू द्या. फक्त सांगतो, उद्या १० ते १२ पाणी बंद.

नीलिमाताई, ए-३०३: पैशाचं झालं, आता मालाचं बघू. मृणाल, कोटेशनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कोणतं आणि पीएच किती लिहिलंय?

मृणाल, दुकान नं. ३: पीएच ६. प्रिझर्व्हेटिव्हसमोर "नॅचरल सिस्टिम, सोडियम बेंझोएट" आहे. मीच म्हटलं होतं की केमिकल कमी ठेवा.

नीलिमाताई, ए-३०३: हीच तर गडबड. सोडियम बेंझोएट आम्लात काम करतं, पीएच साधारण पाचच्या खाली. सहाला ते असून नसल्यासारखं. आणि नायसिनामाइडला पीएच सहाच्या आसपासच हवा. बेंझोएट चालावं म्हणून पीएच फार खाली नेला तर नायसिनामाइड हळूहळू फुटून निकोटिनिक ॲसिड होतं, आणि त्याने लावल्यावर पाच-दहा मिनिटांत चेहरा लाल होऊन गरम लागतो. क्लायंट त्याला ॲलर्जी म्हणते. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. सरळ फिनॉक्सिइथेनॉल घालायला सांग. कायद्याने १ टक्क्यापर्यंत चालतं आणि पीएच सहाला नीट काम करतं.

पाण्याचं सिरम आणि ड्रॉपरची बाटली म्हणजे रोज ड्रॉपर गालाला लागणार आणि परत आत जाणार. प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं तर आधी सिरम किंचित गढूळ दिसतं, मग वास बदलतो, कधी तळाशी तंतू दिसतात. ते दिसेपर्यंत बाटली निम्मी चेहऱ्यावर गेलेली असते.

मृणाल, दुकान नं. ३: मग लॅबचे २०,००० यासाठीच आहेत का?

नीलिमाताई, ए-३०३: त्यात दोन गोष्टी असायलाच हव्यात, विचारून घे. एक चॅलेंज टेस्ट. सिरममध्ये मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस ते किती मरतात ते मोजतात. दुसरी स्टॅबिलिटी. ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीन महिने ठेवून रंग, वास, पीएच, घट्टपणा तपासतात. आणि ही तुझ्याच बाटलीत, तुझ्याच ड्रॉपरसकट व्हायला हवी. लॅबच्या काचेच्या बरणीत पास झालेलं सिरम ड्रॉपरचं रबर फुगवू शकतं.

बरेचदा मालक तीन महिने थांबायला तयार नसतात, ऑर्डर आधी देतात आणि रिपोर्ट नंतर येतो. तसं करायचं असेल तर टेस्टिंगवर पैसे न घातलेलेच बरे.

सुजाता, बी-५०२: ताई, मग व्हिटॅमिन सी का नको? आजकाल सगळ्यांना तेच हवंय.

नीलिमाताई, ए-३०३: पहिल्या मालासाठी तर मुळीच नको. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड पाण्यात, हवेत आणि उजेडात पिवळं, मग तपकिरी पडतं. पाचशे बाटल्या अठरा महिने शेल्फवर ठेवायच्या असतील तर शेवटच्या दोनशे चहासारख्या दिसतील. सनस्क्रीनच्याही नादी लागू नये. एसपीएफचा आकडा छापायचा तर माणसांच्या त्वचेवर चाचणी करावी लागते, तो खर्च एका पार्लरच्या विक्रीतून निघत नाही. या दोन गोष्टी कंपनीच्याच विकाव्यात.

मृणाल, दुकान नं. ३: एक मैत्रीण म्हणाली, तयार बेस पाच किलोच्या कॅनमध्ये मिळतो, बाटल्या पार्लरमध्येच भरायच्या आणि आपलं लेबल लावायचं. निम्म्या पैशांत होतं.

देशपांडे काका, सी-१०२: अजिबात करू नकोस. विकण्यासाठी भरणं आणि स्वतःचं लेबल चिकटवणं हेही कायद्याच्या व्याख्येत उत्पादन आहे, त्याला एफडीएचं लायसन्स लागतं. थर्ड पार्टीकडून बनवून घेतलंस तर लायसन्स त्याचं असतं. पण मग लेबलवर त्याचं नाव, पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, एक्सपायरी आणि घटकांची यादी हवीच. शिवाय वजनमापाच्या नियमांप्रमाणे एमआरपी, नेट वजन किंवा माप, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल.

आणि लायसन्स त्याचं म्हणून जबाबदारीही त्याचीच, असं समजू नकोस. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचा ब्रँड लावणारासुद्धा उत्पादकच धरतात. आज कुणाचा चेहरा सुजला तर तू विक्रेती आहेस, कंपनीकडे बोट दाखवता येतं. उद्या बाटलीवर नाव तुझं असेल.

इक्बालभाई, बी-२०१: लेबलवर "पिंपल्स बरे होतात", "वांग जातात" असलंही काही लिहू नकोस. बरं करण्याचा दावा केला की ते कॉस्मेटिक राहत नाही, औषधात मोडतं.

मृणाल, दुकान नं. ३: बापरे. मग विषय बंदच करू का?

इक्बालभाई, बी-२०१: बंद कशाला? ५०० चा आग्रह सोड. बऱ्याच उत्पादकांकडे स्वतःचे तयार फॉर्म्युले असतात, ते ५०-५० नगांवर तुझ्या नावाचं लेबल लावून देतात, कारखान्यातच. भाव जास्त पडतो. समजा १९० ला मिळालं.

देशपांडे काका, सी-१०२: ३८१ वजा १९०, बाटलीमागे १९१. कंपनीच्या ११० पेक्षा जास्तच. आणि अडकले फक्त ९,५००, म्हणजे इक्बालभाईंच्या दोन डझन मालाएवढेच. ट्रेडमार्कचा अर्ज मात्र यातही करायचाच.

नीलिमाताई, ए-३०३: चालेल, पण तीन गोष्टी मागून घे. त्या फॉर्म्युल्याचा त्याच बाटलीतला स्टॅबिलिटी रिपोर्ट, चॅलेंज टेस्टचा रिपोर्ट, आणि दर बॅचबरोबर विश्लेषणाचं प्रमाणपत्र. हे नुसतं "आहे ना, ताई" म्हणणारा भेटला तर पुढचा बघ. आणि लक्षात ठेव, फॉर्म्युला त्याचा राहतो. तेच सिरम आणखी चार पार्लर वेगळ्या नावाने विकत असतील. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या न उघडता तारीख टाकून बाजूला ठेव. तक्रार आली की पहिली तुलना त्यांच्याशी करायची.

मृणाल, दुकान नं. ३: म्हणजे ५० स्वतःच्या नावाच्या आणि कंपनीचंही चालू ठेवायचं?

इक्बालभाई, बी-२०१: हो, पण दोन्ही नायसिनामाइड शेजारी ठेवू नकोस, मुलींना काय सांगायचं तेच कळणार नाही. सनस्क्रीन, व्हिटॅमिन सी कंपनीचं, नायसिनामाइड तुझं. सहा महिने चाल बघ. काकांचा १९ चा आकडा सलग चार महिने पार झाला तर ५०० चं कोटेशन परत काढ. आणि डीलरकडून लेखी घे की एक्सपायरीला तीन महिने उरलेला माल तो बदलून देतो की नाही. बरेच जण तोंडी हो म्हणतात आणि नंतर फोन उचलत नाहीत.

देशपांडे काका, सी-१०२: अजून एक. सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवेवर ५ टक्के जीएसटी आहे, पण इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. विकायच्या बाटलीवर १८ टक्के आणि क्रेडिट मिळतं. म्हणून फेशियलला उघडलेली बाटली आणि काउंटरवर विकलेली बाटली रजिस्टरमध्ये वेगळी दाखव. शेल्फवरची बाटली उचलून फेशियलला वापरलीस तर तिचं घेतलेलं क्रेडिट परत करावं लागेल.

मृणाल, दुकान नं. ३: टेस्टरची बाटली कशात धरू, काका?

देशपांडे काका, सी-१०२: फुकट वापरायला उघडलीस, म्हणजे विकली नाहीस. तिचंही क्रेडिट परत. पन्नासात दोन टेस्टर आणि ताईंनी सांगितलेल्या दोन बाजूला ठेवलेल्या धर, विकायला ४६ च उरतात.

सुजाता, बी-५०२: मृणाल, टेस्टर माझ्यावर कर 🙋‍♀️