लाल ड्रॅगन फ्रूट खाल्ल्यावर लघवी किंवा शौचाला लाल रंग आला आहे का? आपले अनुभव लिहावेत

वेंगुर्ले, गृहिणी (विषय मांडणारी)

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी जे घडले, ते आधी सविस्तर सांगते. मामंजींचे वय 68 आहे आणि लावणीपासून ते रोज गुडघाभर चिखलात उभे होते. आठवडा बाजारातून मी दोन ड्रॅगन फ्रूट आणली होती. कापल्यावर दोन्ही आतून गडद राणी रंगाची निघाली. रात्री नऊच्या सुमारास मामंजींनी एक अख्खे फळ खाल्ले आणि दुसरे यजमानांनी व मी वाटून घेतले. पहाटे साडेपाचला मामंजींनी मला हाक मारली, तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. लघवी गुलाबी झाली होती.

आमच्या भागात पावसाळ्यात लाल किंवा गडद लघवी म्हटली की पहिल्यांदा लेप्टोच आठवतो, कारण शेजारच्या वाडीत त्याने माणसे गेलेली आम्ही पाहिली आहेत. त्यामुळे फळाचा विचार कोणाच्याही मनात आला नाही आणि आम्ही तडक ग्रामीण रुग्णालय गाठले. डॉक्टरांनी ताप आहे का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झाले आहेत का, लघवी कमी झाली आहे का, हे विचारले, आणि चारही प्रश्नांना मामंजींनी नाही म्हटल्यावर शेवटी विचारले की काल रात्री काय खाल्ले. लघवीच्या तपासणीत रक्त मिळाले नाही. त्या दिवशी अकराच्या सुमारास शौचही जांभळट लाल झाले. संध्याकाळपर्यंत लघवी नेहमीसारखी पिवळसर झाली, शौचाचा रंग मात्र तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. यजमानांना आणि मला काहीही जाणवले नाही.

आपल्याकडे असे झाले असेल तर फळ आतून कोणत्या रंगाचे होते, किती खाल्ले, किती तासांनी रंग दिसला आणि तो कधी गेला, एवढे तरी जरूर लिहावे.

दापोली, अडीच वर्षांच्या मुलीची आई

आमच्या लेकीला आजीने दुपारी वाटीभर लाल फोडी भरवल्या आणि मला सांगायचे त्या विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डायपर उघडला तेव्हा शी लालभडक होती आणि मला रडूच कोसळले. सासूबाईंनी जवळ येऊन पाहिले आणि शीमध्ये तिळापेक्षाही बारीक काळ्या बिया दाखवल्या, तेव्हा कालच्या फोडींची त्यांना आठवण झाली. रंग सगळ्या शीमध्ये सारखा मिसळलेला होता, वरून लागलेला नव्हता, आणि ओल्या कापडाने पुसल्यावर कापडाला बीट किसल्यासारखा डाग पडला. मुलगी खेळत होती, दूध पीत होती, पोट मऊ होते. तरीही मी बालरोगतज्ज्ञांना फोन केला. दोन दिवसांत रंग गेला नाही, किंवा शीमध्ये शेंबडासारखे काही दिसले, तर तिला घेऊन या, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत सगळे पूर्ववत झाले. याआधी आम्ही तिला आतून पांढरे फळ तीनचार वेळा दिले होते आणि तेव्हा रंगाचा मागमूसही नव्हता.

मालवण, निवृत्त शिक्षक

हा रंग बीटमधल्या रंगाच्याच जातीचा आहे, हे मी खात्रीने सांगू शकतो, आणि आपल्या परसातल्या लाल माठाच्या भाजीचे पाणीही त्याच जातीच्या रंगामुळे लाल होते. ज्याच्या अंगात लोह कमी असते त्याच्याच लघवीत हा रंग उतरतो, त्यामुळे मामंजींना रक्त कमी असणार हे उघड आहे. त्यांना लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात, असे माझे मत आहे.

चिपळूण, लॅब टेक्निशियन

गुरुजींचे पहिले वाक्य अगदी बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बीट खाल्ल्यावर साधारण 10 ते 14 टक्के लोकांची लघवी लाल होते आणि लोहाची कमतरता असलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळते, हे खरे आहे. परंतु हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या माणसालाही रंग येतो आणि अशक्त माणसाला येत नाही, म्हणून रंग पाहून रक्त कमी आहे असे ठरवता येत नाही. ताई, मामंजींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हरकत नाही, पण गोळ्या त्यानंतरच्या सल्ल्याने द्याव्यात.

आमच्याकडे असा नमुना आला की आम्ही काय करतो, ते सांगतो, कारण रंग निरुपद्रवी आहे की नाही याचे उत्तर तिथेच मिळते. प्रथम लघवीत तपासणीची पट्टी बुडवतो. पट्टीवरचा एक चौकोन रक्तातल्या रंगद्रव्यामुळे हिरवा होतो. फळाच्या रंगाने तो सहसा तसा होत नाही. मग नमुना यंत्रात गरगर फिरवतो. लघवीत रक्तपेशी असतील तर तळाशी लाल गाळ बसतो आणि वरचे पाणी बरेचसे निवळते, आणि फळाचा रंग विरघळलेला असल्यामुळे वरचे पाणीच गुलाबी राहते. शेवटी तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. तिथे तांबड्या पेशी नसतील आणि पट्टीही कोरी असेल, तर आदल्या दिवशीच्या ताटाची चौकशी करतो.

यात दोन अडचणी येतात. रंग फार गडद असेल तर पट्टी वाचताना फसगत होऊ शकते. दुसरे म्हणजे, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याच्या लघवीत रक्त असूनही पट्टी कोरी राहू शकते. म्हणून केवळ पट्टीवर न थांबता सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मागून घ्यावी. नमुना देताना लाल फळ खाल्ले आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि स्त्रियांनी पाळी चालू आहे का, हे आपणहून सांगावे. ते लाजेने कोणी सांगत नाही आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

रत्नागिरी, मच्छीमार बोटीचे मालक, वय 54

माझा अनुभव उलट आहे आणि तो सांगणे मला आवश्यक वाटते. दोन वर्षांपूर्वी मला लाल लघवी झाली. त्याच आठवड्यात घरात ड्रॅगन फ्रूट आले होते आणि कोणीतरी सांगितले की त्या फळाने असे होते. मी निर्धास्त झालो. दुखत नव्हते, ताप नव्हता. दोन दिवस बरे गेले की पुन्हा लाल, असे दहा दिवस चालले, आणि अकराव्या रात्री कुशीतून अशी कळ आली की मला बोटीवरून उचलून आणावे लागले. सोनोग्राफीत मूतखडा मूत्रनळीत अडकलेला दिसला. आमचे फळ आतून पांढरे होते, हे मला नंतर पत्नीने सांगितले. मी तेव्हा एवढेही विचारले नव्हते.

चिपळूण, लॅब टेक्निशियन

दादा, आपण हे लिहिले याबद्दल मनापासून आभार. बाहेरची साल दोन्ही जातींची गुलाबीच असते, त्यामुळे नुसते ड्रॅगन फ्रूट खाल्ले एवढे सांगून भागत नाही. पांढऱ्या गरात हा रंग नसतो, त्यामुळे पांढरे फळ खाऊन लघवी लाल झाली तर कारण दुसरेच शोधावे लागते. आणि लाल फळाचा रंगसुद्धा सलग एकदोन दिवस राहून जातो. फळ पुन्हा न खाता तो परत येत नाही. जाऊन परत आलेला लाल रंग, त्यातही न दुखता आलेला आणि तंबाखू किंवा विडीची सवय असलेल्या माणसाला चाळिशीनंतर आलेला, मूत्राशयाच्या गाठीचीही शंका उत्पन्न करतो. तो कोणत्याही फळाच्या नावावर लिहू नये.

सावंतवाडी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

माझ्या भावाला डेंगी झाला आहे आणि प्लेटलेट्स 70 हजारांवर आल्या आहेत. प्लेटलेट्स वाढवण्यासाठी लाल ड्रॅगन फ्रूट दिवसातून किती वेळा द्यावे, हे कृपया कोणी सांगावे. आम्ही आज सकाळी एक दिले आहे.

अलिबाग, परिचारिका

बाळा, तुझा प्रश्न इथल्या विषयापेक्षा वेगळा आहे, तरी त्याचे उत्तर याच विषयाशी येऊन मिळते, म्हणून जरा थांबून वाच. या फळाने प्लेटलेट्स वाढतात असे सिद्ध झालेले नाही. आजार ओसरू लागला की त्या आपोआप वर येतात. पण डेंगीत उलटी, शौच किंवा लघवीतून रक्त जाणे ही धोक्याची खूण असते आणि आम्ही तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो. आमच्या वॉर्डात एका तरुण रुग्णाला रात्री लाल उलटी झाली आणि सगळ्यांची धावपळ उडाली. डॉक्टरांना बोलावले, रक्ताच्या बाटलीची तजवीज सुरू झाली, आणि मग उलटीत बिया दिसल्या. नातेवाइकांनी तासाभरापूर्वी लाल फळ भरवले होते. याच्या उलट घडण्याची मला अधिक भीती वाटते, की खरोखर रक्त पडत असेल आणि घरचे म्हणतील, फळ खाल्ले होते ना.

म्हणून डेंगीच्या रुग्णाला लाल आणि तपकिरी पेये व पदार्थ देऊ नयेत असे डॉक्टर सांगतात. बीट, डाळिंबाचा रस, कोकम सरबत, लाल ड्रॅगन फ्रूट हे सगळे बरे होईपर्यंत दूर ठेव. शहाळ्याचे पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज द्यावी. आज सकाळी फळ दिले आहे, हे डॉक्टरांना आत्ताच कळव. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, किंवा डांबरासारखे काळे चिकट शौच दिसले, तर फळाचा विचारही न करता रुग्णालयात ने. वरच्या आतड्यात रक्तस्राव झाला की शौच लाल नव्हे, काळे होते, आणि हे फळ तसा काळा रंग देत नाही.

सावंतवाडी, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

आम्ही डॉक्टरांना फोन करून सांगितले. त्यांनी फळ बंद करायला आणि उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासायला सांगितले आहे. आभारी आहे, ताई.

गुहागर, बागायतदार

मी स्वतः रोज एकदोन लाल फळे खातो आणि मला आजवर लघवीत रंग दिसला नाही, शौचात मात्र नेहमी दिसतो. माझ्या पत्नीला अर्ध्या फळानेही दोन्हीकडे दिसतो. ती पित्ताची गोळी घेते. पोटातले आम्ल कमी असल्यामुळे रंग टिकून राहत असेल का, असा मला प्रश्न पडतो.

चिपळूण, लॅब टेक्निशियन

आपला तर्क निराधार नाही, कारण तीव्र आम्लात हा रंग विघटित होतो आणि बीटच्या बाबतीत पोटातल्या आम्लाचा विचार झालेला आहे. तरी केवळ गोळीमुळेच असे होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. फळ किती पिकलेले होते, रिकाम्या पोटी खाल्ले का, सोबत काय खाल्ले, यानेही फरक पडत असावा.

वेंगुर्ले, गृहिणी

सर्वांचे लिहिणे मी मामंजींना वाचून दाखवले. गुरुजींच्या म्हणण्यावरून त्यांचे हिमोग्लोबिनही तपासले, ते 13.6 आले. परवा रात्री त्यांनी मुद्दाम तसेच एक अख्खे लाल फळ खाल्ले आणि मी कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवली. या खेपेस शौच जांभळट झाले, पण लघवी दोन्ही दिवस स्वच्छ पिवळी राहिली. तोच माणूस, तेवढेच फळ, तरी असे का झाले, हे कोणाला सुचत असेल तर लिहावे.