केस स्टडीचा ठरलेला साचा विचाराला आड येतो का?

रातराणी (मूळ प्रश्न): मार्केटिंगच्या विषयासाठी टाटा नॅनोवर केस स्टडी अहवाल द्यायचा आहे. साचा ठरलेला आहे: सारांश, पार्श्वभूमी, समस्येचे विधान, बलस्थाने, दुर्बलस्थाने, संधी आणि धोके मांडणारा स्वॉट तक्ता, पर्याय, शिफारस, अंमलबजावणी. केसमधील हकिकत डिसेंबर २०१० च्या सुरुवातीला थांबते. मी सर्व रकाने क्रमाने भरले, तरी ‘विश्लेषण नाही’ असा शेरा मिळाला. साचाच विचाराला आड येतो का?

मोकळे पान: माझ्या मते येतोच. स्वॉटचे चार चौकोन समोर आले की प्रत्येकात चार-चार मुद्दे घालण्याकडेच लक्ष जाते आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी विचारत नाही. सिंगूरहून साणंदला गेलेला कारखाना, एक लाखाची किंमत, गाड्यांना लागलेल्या आगी, हे सगळे सलग कथन म्हणून लिहिले तर कारणपरंपरा आपोआप दिसते. शक्य असेल तर साचा बाजूला ठेवून निबंधरूपाने अहवाल द्यावा.

तपासनीस: मी अनेक वर्षे असे अहवाल तपासतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्वॉटबद्दलचे वरील निरीक्षण बरोबर आहे, पण उपाय मला पटत नाही. सलग कथन लिहिणारे विद्यार्थी बहुधा केसच पुन्हा सांगतात आणि निर्णयापर्यंत पोहोचतच नाहीत.

साचा हा वाचणाऱ्याच्या सोयीचा क्रम आहे, लिहिणाऱ्याने त्याच क्रमाने लिहायला हवे असे नाही. प्रथम समस्येचे विधान लिहावे. ‘नॅनोची विक्री घटली’ हे लक्षण झाले. जुलै २०१० मध्ये सुमारे ९,००० गाड्या विकल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये फक्त ५०९, हे आकडे पार्श्वभूमीत शोभतात. समस्या म्हणजे कोणीतरी, एका विशिष्ट दिवशी, घ्यायचा निर्णय: ‘दुचाकीवरून कुटुंब नेणाऱ्या ग्राहकाला ही गाडी विकत घेणे शक्य आणि सुरक्षित वाटावे, यासाठी कंपनीने पुढील सहा महिन्यांत आधी कशावर खर्च करावा?’ असे विधान केले की पर्याय त्यातूनच निघतात: वाढीव वॉरंटी देऊन आगीची भीती कमी करणे, कर्जाची सोय आणि लहान गावांतील विक्री केंद्रे वाढवणे, किंवा ‘सर्वांत स्वस्त’ ही ओळखच बदलणे.

आता स्वॉटकडे या. तुमच्या अहवालात ‘कमी किंमत’ हे बलस्थान आणि ‘स्वस्त गाडी ही प्रतिमा’ हे दुर्बलस्थान, असे दोन वेगळ्या चौकोनांत असेल. खरे तर ती एकच गोष्ट आहे, आणि जी किंमत ग्राहकाला बोलावते तीच त्याला दूर का लोटते, हा या केसचा गाभा आहे. चौकोनांच्या मधल्या रेषेने तो दोन तुकड्यांत विभागला जातो. तक्त्याखाली दोन वाक्यांत तो जोडून दाखवा, ते विश्लेषण होईल. आणि ‘ग्रामीण भागात केंद्रे उघडणे’ हे संधीच्या चौकोनात लिहू नका, ते कंपनीचे कृत्य असल्यामुळे पर्यायात बसते. संधी बाहेर असते, म्हणजे दुचाकीवाल्या कुटुंबांची मोठी संख्या.

कारखान्याची वही: माझ्याकडे एका यंत्रभागांच्या कारखान्यातील प्रशिक्षणाचा अहवाल आहे. त्यात मी स्वॉट काढून टाकला, कारण पुरवठ्याच्या विलंबाशी त्याचा संबंध नव्हता, आणि त्या रकान्याचे गुण गेले. म्हणून रकाना रिकामा न ठेवणेच शहाणपणाचे, असे मी सांगेन.

तपासनीस: आपला अहवाल प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला आहे, त्यामुळे माहिती आपण गोळा करता. येथे माहिती दिलेली आहे आणि परीक्षा निवडीची आहे. तरी रकाना काढू नये, हे मान्य. तो लहान ठेवावा आणि पुढे शिफारशीत ज्यांचा उपयोग होणार नाही असे मुद्दे त्यात घालू नयेत.

रातराणी: मी शिफारशीत असे लिहिले होते की, २०१३ मध्ये रतन टाटांनी स्वतः ‘स्वस्त गाडी’ ही प्रतिमा चूक ठरल्याचे म्हटले आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबले, म्हणून ओळख बदलणे हाच योग्य पर्याय होता. हे चुकले का?

तपासनीस: निर्णय घेणारा डिसेंबर २०१० मध्ये उभा आहे, त्याला २०१८ दिसत नाही. पुढे काय घडले यावरून शिफारस सिद्ध केली की पर्यायांची तुलना करण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येक पर्यायाचा परिणाम किती लवकर दिसेल, खर्च किती आणि तो मूळ ग्राहकापर्यंत पोहोचतो का, हे तीन निकष लावून पाहा. मला वॉरंटी आणि कर्ज यांची जोडी आधी यावी असे वाटते, कारण ओळख बदलायला सहा महिने पुरत नाहीत.

मोकळे पान: येथे मी असहमत आहे. लाजेपोटी गाडी न घेणारा माणूस वॉरंटी वाढवली म्हणून येणार नाही. कारण प्रतिमेत असेल, तर तीच आधी हाताळावी.

रातराणी: मग भीती मोठी की लाज, हेच केसमधील मजकुरावरून ठरवावे लागेल. समस्येचे विधान त्यावर बेतून पुन्हा लिहिते.