काकाजींचा घसा अन् तीन पत्ते

मनीषा वहिनी: काकाजींचा घसा परवापासून धरला आहे. सोयाबीन काढताना दिवसभर थ्रेशरजवळ धुळीत उभे होते. थुंकी गिळतानाही तोंड वाकडं करतात. पंकजभाऊजी, चघळायची गोळी आणू की घशात मारायचा फवारा?

मोठ्या आई: मिठाच्या गुळण्या कर म्हणा. ऐकतेत कुठं?

काकाजी: मले काही झालं नाही. ग्रुपवर कायले टाकता?

पंकज (मेडिकल): वहिनी, नवीन काही आणायच्या आधी घरात जे चालू आहे त्या सगळ्या पत्त्यांचा फोटो टाका. मागची बाजू, बारीक अक्षरं दिसली पाहिजेत.

मनीषा वहिनी: (फोटो) लाल पत्ता सर्दीचा, काल सकाळ-दुपार-रात्र एकेक घेतली. पांढरी तापाची, काल चार. अन् कमरेची दोन, ती तर काढणी सुरू झाल्यापासून चालूच आहे.

पंकज (मेडिकल): हेच पाहायचं होतं. तिन्ही पत्त्यांवर पॅरासिटामॉल लिहिलं आहे. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, तीन झाल्या म्हणजे १५००. तापाची ६५० ची, चार म्हणजे २६००. कमरेच्या गोळीत डायक्लोफिनॅकसोबत ३२५ आहे, दोनचे ६५०. बेरीज ४७५०. धडधाकट मोठ्या माणसानं २४ तासांत ४००० च्या वर जायचं नसते, अन् काकाजी तर अंगानं काडीसारखे.

आकाश (पुणे): पण बाबांना काहीच होत नाहीये ना? उलटी वगैरे?

पंकज (मेडिकल): तेच फसवं असते भाऊ. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिल्या दिवशी माणूस चांगला दिसू शकते. मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे, हे मागून येते, तोवर लिव्हरला मार बसलेला असते. वाट पाहू नका. आजच ग्रामीण रुग्णालयात न्या, तिन्ही पत्ते सोबत घ्या, किती वाजता किती घेतल्या ते कागदावर लिहा. तोवर यातली एकही गोळी नाही.

काकाजी: घसा दुखते म्हणून लिव्हर तपासता का बे?

पंकज (मेडिकल): हाव जी, आज तसंच करावं लागते. अजून एक. तुम्ही बीपीची गोळी घेता. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिन नाक मोकळं करते, पण बीपी वाढवू शकते. कमरेच्या गोळीचंही तेच, वरून किडनीवर ताण.

मनीषा वहिनी: (संध्याकाळी ७:४०) जाऊन आलो. बीपी १६० निघाला. रक्त घेतलं, लिव्हरचा रिपोर्ट सध्या ठीक आहे, परवा परत बोलावलं. घसा लाल आहे पण पू नाही. सर्दीची अन् कमरेची बंद. उद्यापासून फार दुखलं तरच पॅरासिटामॉल ५०० ची एक, दोन गोळ्यांत सहा तास, दिवसात तीनच्या वर नाही. आता सांगा, चघळायची की फवारा?

पंकज (मेडिकल): काकाजींसाठी चघळायची, पण बिनसाखरेची, शुगर आहे ना त्यांना. ती हळूहळू विरघळू द्यायची, कडकड चावायची नाही. तिचं अर्धं काम तर लाळ सुटून घसा ओला राहण्यानंच होते. पाकिटावर जितक्या लिहिल्या तितक्याच. फवाऱ्याचं म्हणाल तर आधी पाहा त्यात बधिर करणारं औषध आहे का, लिडोकेन किंवा बेंझोकेन. असलं तर घशातली जाणीव परत येईपर्यंत खायचं नाही, नाहीतर घास श्वासनळीत जाऊ शकते, अन् गरम चहानं भाजलेलंही कळत नाही. काकाजी तर दर तासाला चहा पेतेत, म्हणून मी फवारा देत नाही.

मोठ्या आई: मी चिंटूले काल चघळायची एक गोळी देल्ली होती. गोड म्हणून मागे लागला.

पंकज (मेडिकल): आई, तीन वर्षांच्या लेकराला नाही देत ती. घसरून नळीत अडकते. मिठाच्या गुळण्या मात्र तुमचं बरोबर होतं, गिलासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, पण तेही मोठ्यांसाठी. चिंटूला गुळणी जमत नाही, त्याला कोमट पाणी पाजा.

आकाश (पुणे): अँटिबायोटिक लागणार नाही का?

पंकज (मेडिकल): डॉक्टरांनी पाहिलं, दिली नाही, मग मागायची नाही. बहुतेक घसे आठवड्यात आपोआप बरे होतेत. मात्र तोंड उघडता येत नसलं, एकाच बाजूला जोरात दुखलं, लाळ गिळता येईना किंवा श्वास लागला, तर रात्र असली तरी गाडी काढा.

मनीषा वहिनी: तिन्ही पत्त्यांवर मार्करनं मोठं ‘पॅ’ लिहून कपाटात वर ठेवले. काकाजींच्या सदऱ्याच्या खिशातून चघळायच्या अकरा गोळ्या निघाल्या, त्याही काढून घेतल्या.

काकाजी: बारा होत्या.