मंजूर झालेली रजा पुढे ढकलायला सांगितली, तर काय मागावे?

गेजरूम
मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये गुणवत्ता विभागात काम करतो. 10 ते 18 नोव्हेंबर अशी, मधला रविवार सोडून आठ दिवसांची माझी रजा महिन्यापूर्वीच मंजूर झाली आहे. 13 तारखेला पुण्यात भाचीचे लग्न आहे आणि 16 ते 18 आई-वडिलांना हंपी दाखवायची आहे. होसपेटच्या खोल्यांचे 6,000 रुपये भरले असून ते परत मिळणार नाहीत. आज, 1 तारखेला, साहेबांनी बोलावून सांगितले की ग्राहकाचे ऑडिट 17 आणि 18 ला ठरले आहे, तेव्हा रजा डिसेंबरमध्ये घ्या. मी "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो. सरळ नकार द्यावा, की मान्य करून त्या बदल्यात काही मागावे?

पंचगंगाकाठ
नकार द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मंजुरी ही कंपनीने लेखी दिलेली हमी असते आणि तिच्या भरवशावर माणूस पैसे भरतो, नातेवाइकांना शब्द देतो. एकदा आपण वाकलो की पुढच्या प्रत्येक ऑडिटला, प्रत्येक महिनाअखेरीला पहिला फोन आपल्यालाच येतो, हे मी आमच्या खात्यात पाहत आलो आहे. ग्राहकाची तारीख बदलली हा कंपनीचा प्रश्न आहे. त्यासाठी दुसरा माणूस तयार ठेवणे हेही कंपनीचेच काम आहे.

भट्टीमालक
शिरोलीत माझी लहान फाउंड्री आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ऑडिटची तारीख आम्ही ठरवत नाही, ग्राहक ठरवतो आणि कित्येकदा दोन आठवडे आधी कळवतो. त्या दिवशी गेजचे कॅलिब्रेशन, रिजेक्शनच्या नोंदी आणि त्यावर केलेली सुधारणा यांविषयी उत्तरे देणारा माणूस समोर नसेल, तर शेरे येतात आणि नव्या पार्टची मंजुरी अडकते. मंजुरी अडकली की ऑर्डर अडकते, आणि ती अडकल्यावर तीस-चाळीस घरांच्या पगाराची चिंता मला करावी लागते. साहेबांनी मौजेखातर रजा मागे घेतलेली नाही, एवढे गेजरूम यांनी मनात ठेवावे.

कागलकर
यात वाटाघाटीचा प्रश्नच येत नाही. पंधरा दिवस आधी अर्ज केला असेल, तर कारखाने कायद्यानुसार रजा नाकारता येत नाही आणि त्या दिवशी कामावर बोलावले, तर दुप्पट पगार द्यावा लागतो. हे कलम दाखवावे, विषय संपतो.

हजेरीपट
टाइम ऑफिस आणि नंतर मनुष्यबळ विभाग अशी माझी सगळी नोकरी कोल्हापूरच्या कारखान्यांत गेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

कागलकर यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 79 मध्ये पंधरा दिवस आधीच्या अर्जाची अट होती आणि नियमात बसणारा अर्ज मनाला येईल तसा नाकारण्यावर बंधनही होते. परंतु कामात खंड पडू नये म्हणून कारखान्याने रजेची योजना केलेली असेल, तर तिच्यानुसार नकार देता येत असे. दुप्पट पगार हा ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम केल्याचा असतो. ढकललेल्या रजेच्या दिवशी नेहमीच्या वेळेत काम केले म्हणून तो मिळत नाही. त्या कलमातील खरी उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेण्यास 30 दिवसांची मर्यादा होती, पण अर्ज करूनही नाकारली गेलेली रजा त्या मर्यादेच्या बाहेर ठेवली होती, आणि 2020 च्या नव्या संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. गेजरूम यांचे पद पर्यवेक्षकाचे असेल, तर हे संरक्षण त्यांना लागू होईल की नाही, हे पदनामावरून नव्हे, तर प्रत्यक्ष काम आणि पगार पाहून ठरेल. तसे असल्यास त्यांचे नेमणूकपत्र आणि कंपनीचे रजा धोरण हाच आधार राहील.

आता मुख्य मुद्दा. ही सवलत टिकते ती "अर्ज केला आणि कंपनीने नाकारला" अशी नोंद असेल तरच. प्रत्यक्षात साहेब आपुलकीने सांगतात, "सिस्टीममधली रजा तुम्हीच रद्द करा आणि डिसेंबरची नवी टाका." आपण बटण दाबतो आणि नोंद होते ती कर्मचाऱ्याने स्वतःहून रजा मागे घेतल्याची. डिसेंबरमध्ये पुन्हा काम निघाले आणि 31 तारखेला शिल्लक रजा बुडाली, तर आपल्या हातात कागद उरत नाही. म्हणून अर्ज आपण मागे घेऊ नये. कंपनीने तिच्या बाजूने, कारणासह, रजा पुढे ढकलल्याची नोंद करावी, असा आग्रह धरावा.

दुसरे असे की "रजा पुढे ढकला" ही मागणी एका तुकड्यात स्वीकारू नये आणि एका तुकड्यात नाकारूही नये. साहेबांना विचारावे की नेमक्या कोणत्या दिवशी, कोणत्या कामासाठी मी लागणार आहे. ऑडिट 17 आणि 18 ला आहे, लग्न 13 ला. म्हणजे लग्नाचा आणि ऑडिटचा संघर्षच नाही. आठही दिवस मागण्यामागे बहुधा तयारीची धास्ती आहे. तेव्हा प्रस्ताव असा ठेवता येईल: 12 ते 15 ही चार दिवसांची रजा कायम राहील, 10 आणि 11 ला मी कामावर येऊन कंट्रोल प्लॅन, गेजची प्रमाणपत्रे आणि रिजेक्शनची फाइल पूर्ण करून सहकाऱ्याकडे सोपवीन, 17 आणि 18 ला ऑडिटसाठी हजर राहीन. उरलेले चार दिवस 15 ते 18 डिसेंबरला आजच मंजूर करावेत आणि ते पुन्हा ढकलले जाणार नाहीत, असे लिहून द्यावे.

पैशांबाबत आधी लॉजवाल्याला फोन करावा. पैसे परत न देणारे लॉज पुष्कळदा तारीख बदलून देतात. तसे झाले तर नुकसान 6,000 रुपयांचे नसून फक्त दरातील फरकाचे असते आणि तेवढेच मागितले म्हणजे मागणी टाळणे साहेबांना अवघड जाते.

पंचगंगाकाठ
ताई, नोंदीचा मुद्दा मला पूर्ण पटला. परंतु 10 आणि 11 हे दोन दिवस तुम्ही फुकट का दिलेत? आज 1 तारीख आहे. फाइल पूर्ण करायला त्यांच्याकडे 8 तारखेपर्यंतचा आठवडा आहे. आधी ते काम संपवून दाखवावे आणि 10 पासूनच रजेवर जावे.

हजेरीपट
फाइल खरोखर 8 पर्यंत पूर्ण होणार असेल, तर तुमचे म्हणणे रास्त आहे. गेज बाहेरच्या प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला गेले असतील, तर मात्र ते परत येण्याची तारीख आपल्या हातात नसते. त्यामुळे शब्द देण्याआधी कोणते गेज कुठे आहेत, हे त्यांनी स्वतः पाहून घ्यावे.

लघुलेखक
मी शासकीय कार्यालयात आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागता येत नाही, त्यामुळे आमच्याकडे अशी चर्चा होतच नाही. गेल्या वर्षी माझी अर्जित रजा ऐन वेळी थांबवली, तेव्हा मी वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन घरी राहिलो. गेजरूम यांनीही तोच मार्ग धरावा, वाद टळतो.

हजेरीपट
हा सल्ला कृपया कोणीही घेऊ नये. आपण शासकीय नियम सांगत आहात, ते खाजगी कारखान्याला लागू नाहीत. शिवाय 1 तारखेला साहेबांशी बोलणे झालेले असताना 10 तारखेला आजारपणाचे प्रमाणपत्र आले, तर चौकशी होणारच. आज गेजरूम यांची बाजू स्वच्छ आहे. खोट्या प्रमाणपत्राने कंपनीला गैरवर्तनाचे कारण आयते मिळेल. कंपनीने लेखी कळवून रजा मागे घेतल्यानंतर तसेच निघून जाण्यातही हाच धोका आहे, कारण ती विनापरवानगी गैरहजेरी धरली जाऊ शकते.

भट्टीमालक
तारखा वाटून घेण्याचा प्रस्ताव मला मालक म्हणून मान्य होईल. डिसेंबरच्या तारखा आजच लिहून देण्यासही हरकत नाही. परंतु सहलीचा खर्च कंपनीने द्यावा, हे मला पटत नाही. आज खोलीचे भाडे, उद्या विमानाचे तिकीट, परवा मंडपाची उचल, ही यादी कुठे थांबवायची? लहान युनिटला असा पायंडा परवडत नाही.

हजेरीपट
साहेब, मर्यादा घालता येते. रजा मंजूर झाल्यानंतर केलेला, पावती असलेला आणि ढकलल्यामुळेच बुडालेला खर्च, एवढाच. महिन्यापूर्वी मंजुरी देताना कंपनीला ऑडिटची कल्पना नव्हती, हे मान्य आहे. पण कर्मचाऱ्यालाही नव्हती, आणि निर्णय बदलला तो कंपनीने. तो भार पूर्णपणे ज्याचा निर्णय नाही त्याच्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

भट्टीमालक
मोठ्या कंपनीत हे धोरण म्हणून लिहिता येईल. माझ्याकडे मी त्याऐवजी एक भरपगारी सुट्टी जादा देईन, पैसे देणार नाही. यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही.

कागलकर
दुप्पट पगाराबाबत ताईंनी खुलासा केला, त्याबद्दल आभार. तरीही माझा प्रश्न कायम आहे: कंपनीत रजेची लेखी योजनाच नसेल, तर त्यांना नकाराचा अधिकार कुठून येतो?

हजेरीपट
प्रश्न चांगला आहे. आधी कंपनीला लागू असलेले स्थायी आदेश पाहावेत. केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत रजा नाकारली किंवा पुढे ढकलली, तर कारण नोंदवहीत लिहावे आणि कामगाराने मागितल्यास त्या नोंदीची प्रत द्यावी, असे होते. योजना नाही, आदेश नाहीत, अशी स्थिती असेल, तर आपली बाजू बळकट आहे. पण ती सिद्ध करायला कामगार कार्यालयात जावे लागेल आणि लग्न 13 तारखेला आहे.

गेजरूम
सर्वांचे मनापासून आभार. काल साहेबांशी बोललो. कोणत्या दिवशी मी लागेन असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच 12 ते 15 सोडून दिले. दोन मायक्रोमीटर आणि एक बोअर गेज कॅलिब्रेशनला गेले आहेत, ते 10 ला येतील, म्हणून 10 ला मी येणार आहे. 11 बाबत 8 तारखेला फाइल पाहून ठरवू म्हणाले. 15 ते 18 डिसेंबर त्यांना मान्य आहे. लॉजवाला तारीख बदलून देतो, पण नाताळजवळचा दर म्हणून 1,200 रुपये जादा मागतो. त्यावर साहेब "वर विचारतो" म्हणाले. शेवटी मात्र त्यांनी तेच सांगितले की जुनी रजा तुम्ही रद्द करा आणि नवी टाका.

हजेरीपट
रद्द करू नका. आजच त्यांना मेल पाठवा आणि प्रत मनुष्यबळ विभागाला द्या. मजकूर एवढा पुरे:

"आपल्याशी झालेल्या चर्चेप्रमाणे, 17 व 18 नोव्हेंबरच्या ग्राहक ऑडिटसाठी माझ्या मंजूर रजेतील 10, 17 व 18 नोव्हेंबर हे तीन दिवस कंपनीने पुढे ढकलले आहेत. 11 तारखेचा निर्णय 8 तारखेला होईल. 12 ते 15 नोव्हेंबरची रजा कायम आहे. ढकललेली रजा 15 डिसेंबरपासून मंजूर करावी आणि सिस्टीममधील बदल आपल्या विभागाकडून व्हावा, ही विनंती. खोलीच्या दरातील 1,200 रुपयांच्या फरकाची पावती सोबत जोडली आहे."

उत्तर आले नाही, तर 5 तारखेला हाच मेल पुन्हा पाठवा. सिस्टीममध्ये 12 ते 15 ही रजा "मंजूर" दिसते आहे, याचे पान पुण्याला निघण्यापूर्वी छापून घ्या.